फोटोवरून चित्रशैलीतील व्यक्तिचित्रे: दर, दुरुस्तीच्या फेऱ्या आणि अंतिम फाइली यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहकाने पाठवलेल्या फोटोवरून डिजिटल व्यक्तिचित्र काढून देण्याचे काम नुकतेच सुरू केलेल्या चित्रकारांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. येथे गृहीत धरलेली शैली ठळक बाह्यरेषा, सपाट रंग आणि मोजक्या छटा अशी आहे, कारण बहुतेक नवे चित्रकार याच शैलीपासून सुरुवात करतात. दर, दुरुस्त्या आणि फाइली हे तीन वेगळे विषय वाटत असले तरी ते एकमेकांत गुंतलेले आहेत. चित्र कच्च्या रेखाटनात असताना सांगितलेला बदल पाच मिनिटांत होतो, तोच बदल रंग भरून झाल्यावर सांगितला तर संध्याकाळ खातो, आणि तुमचा दर पुरतो की नाही हे बहुधा तेथेच ठरते.

एका चित्राचा दर कसा ठरवावा?

इतरांचे दर पाहून त्यांच्यापेक्षा शंभर रुपये कमी लावणे ही नेहमीची सुरुवात असते. परंतु समोरचा चित्रकार किती तासांत काम संपवतो हे तुम्हाला ठाऊक नसते, त्यामुळे त्या आकड्यावरून तुम्हाला काहीच कळत नाही. प्रथम स्वतःचा तासाचा दर काढावा. समजा, तुम्हाला महिन्याला २०,००० रुपये हाती पडायला हवेत आणि वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर व टॅब्लेटची झीज मिळून ४,००० रुपये खर्च होतो. म्हणजे एकूण २४,००० रुपये मिळवायला हवेत. महिन्यात १६० तास काम केले तरी त्यातील निम्मा वेळ चौकशीला उत्तरे देण्यात, नमुने टाकण्यात आणि शिकण्यात जातो, त्यामुळे पैसे मिळवून देणारे तास ८० धरावेत. २४,००० भागिले ८० म्हणजे तासाला ३०० रुपये झाले.

आता तास मोजायचे आहेत, आणि ते आठवणीने मोजता येत नाहीत. घरातल्या माणसांची पाच चित्रे घड्याळ लावून काढावीत आणि टप्प्यांनुसार वेळ लिहून ठेवावा. रेखाटनाचा वेळ आपण हमखास कमी सांगतो आणि ग्राहकाशी झालेल्या संभाषणाचा वेळ तर धरतच नाही.

एखादे प्रत्यक्ष उदाहरण देता येईल का?

आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी मुलीने मागवलेले चित्र घेऊ. दोन व्यक्ती, कमरेपर्यंत, दोघांचे फोटो वेगवेगळे, आईला पैठणी आणि नथ, पार्श्वभूमी एकरंगी, आणि चित्र १२ × १८ इंचांच्या चौकटीत लावायचे आहे. फोटो निवडणे आणि बोलणे यात पाऊण तास जातो. दोन वेगळ्या फोटोंतील माणसे एकमेकांशेजारी उभी आहेत असे वाटायला हवे, म्हणून डोक्यांचे आकार, नजरेची दिशा आणि उजेडाची बाजू जुळवावी लागते, आणि रेखाटन दोन तासांचे होते. बाह्यरेषांना दीड तास, रंगांना अडीच तास, पैठणीचे काठ, पदर आणि दागिन्यांना एक तास, दुरुस्त्यांना एक तास, फाइली तयार करून पाठवण्याला अर्धा तास. हे सगळे मिळून सव्वानऊ तास होतात. ३०० रुपयांच्या हिशेबाने २,७७५ रुपये, म्हणजे व्यवहारात २,८०० रुपये.

पैठणीसाठी वेगळा तास धरलेला आहे याकडे लक्ष द्यावे. सुती साडी आणि भरजरी साडी यांचा दर एकच ठेवला, तर लग्नसराईत तुम्ही प्रत्येक चित्रामागे एक तास फुकट देत राहता. काठावरचे मोर आणि कोयऱ्या फोटोप्रमाणे हुबेहूब हव्यात की शैलीप्रमाणे सोप्या केलेल्या चालतील, हे आधीच विचारावे.

दोन माणसांचा दर एकाच्या दुप्पट असावा का?

नसावा. बोलणे, फाइली आणि पार्श्वभूमी दोघांत मिळून एकदाच होते, तर चेहरा आणि कपडे प्रत्येकाचे वेगळे असतात. वरच्या चित्रात एकच व्यक्ती असती तर माझ्या हिशेबाने साडेपाच तास, म्हणजे १,६५० रुपये झाले असते. दुसऱ्या व्यक्तीमुळे साधारण दोन-तृतीयांश रक्कम वाढते. मात्र पाच-सहा जणांच्या कुटुंबाला हे प्रमाण तसेच लावू नये, कारण माणसे वाढली की मांडणी अवघड होत जाते आणि दुरुस्त्या सांगणारेही वाढतात. चारच्या पुढे प्रत्येक चित्राचा दर स्वतंत्रपणे सांगणे चांगले.

मी नवा आहे आणि मला वेळ जास्त लागतो. मग दर कमी करावा का?

तासाचा दर कमी करू नये, विकायची वस्तू लहान करावी. खांद्यापर्यंतची एकच व्यक्ती, समोरून किंवा किंचित वळलेला चेहरा, सपाट पार्श्वभूमी, हात नाहीत, एवढेच पहिले दोन-तीन महिने विकावे. हात टाळल्याने बराच वेळ वाचतो, आणि नवख्याच्या चित्रात चुका सर्वांत आधी हातांतच दिसतात. वेग वाढला की त्याच पैशांत पूर्ण आकृती देता येते. याउलट, एकदा ५०० रुपयांत पूर्ण कुटुंब काढून दिले, तर तो ग्राहक ज्यांना तुमचे नाव सुचवील ते सगळे ५०० रुपयेच मनात धरून येतील.

विक्रीच्या संकेतस्थळाचा वाटा दरात कसा धरावा?

भागाकाराने धरावा, टक्के वाढवून नाही. फायवरसारखे संकेतस्थळ विक्रेत्याच्या रकमेतून २० टक्के कापते. २,८०० रुपयांवर २० टक्के वाढवून ३,३६० रुपये लावले, तर त्याचे २० टक्के कापून हाती २,६८८ रुपये येतात, म्हणजे ११२ रुपये कमी पडतात. २,८०० ला ०.८ ने भागले की ३,५०० येतात, आणि तीच रक्कम बरोबर आहे.

पैसे केव्हा घ्यावेत?

निम्मी रक्कम रेखाटनाला हात लावण्यापूर्वी आणि उरलेली निम्मी अंतिम फाइली पाठवण्यापूर्वी घ्यावी. मधल्या काळात मान्यतेसाठी पाठवायची प्रतिमा लहान आकाराची आणि चित्रावरून तिरपे नाव टाकलेली असावी. नाव कोपऱ्यात टाकले तर ते कापून काढता येते, म्हणून ते गळ्यावरून किंवा कपड्यांवरून जाऊ द्यावे, पण चेहऱ्यावरून नको, कारण साम्य तपासायला चेहरा स्वच्छ दिसायला हवा. ग्राहकाने रेखाटनापूर्वीच काम रद्द केले तर आगाऊ रक्कम परत करावी. रेखाटन पाहिल्यानंतर रद्द केले तर ती परत मिळणार नाही, हे पैसे घेतानाच लेखी कळवावे.

दुरुस्तीची एक फेरी म्हणजे नेमके काय?

ग्राहकाने सगळे बदल एकत्र, एकाच निरोपात सांगणे आणि तुम्ही ते सगळे करून एक सुधारित प्रतिमा पाठवणे, ही एक फेरी. ही व्याख्या लिहून दिली नाही तर सकाळी भुवया, दुपारी केस आणि रात्री बहिणीने सुचवलेले कानातले असे निरोप येत राहतात आणि फेऱ्या मोजताच येत नाहीत. मी स्वतः सुरुवातीला ‘तुमचे समाधान होईपर्यंत बदल’ असे लिहीत असे. एका चित्राला सात वेळा हात लावल्यावर मला दिसले की ग्राहकाची काहीच चूक नव्हती. घरातले प्रत्येक माणूस वेगळे मत देत होते आणि थांबायचे कोठे हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. आता मी एकच प्रश्न आधी विचारतो: अंतिम मान्यता कोण देणार?

किती फेऱ्या दरात धराव्यात?

दोन पुरतात, परंतु त्या टप्प्यांना बांधलेल्या असाव्यात. पहिली कच्च्या रेखाटनावर आणि दुसरी रंगांवर. रेखाटनाच्या फेरीत चेहऱ्याचे साम्य, उभे राहण्याची ढब, केशरचना, कपडे आणि मांडणी यांविषयी बोलावे. ते मान्य झाल्याचा स्पष्ट होकार आला की मगच बाह्यरेषा काढाव्यात. रंगांच्या फेरीत फक्त रंग, छटा, पार्श्वभूमी आणि बारीक तपशील. रंग भरल्यावर ‘मान थोडी वळवा’ असे कोणी सांगितले, तर ती दुसरी फेरी न धरता नवे रेखाटन धरावे लागते, कारण मान वळली की जबडा, केस, कॉलर आणि सावली सगळेच पुन्हा काढायचे असते.

वरच्या उदाहरणातच पाहू. रंग पाहिल्यावर मुलीने सांगितले की पैठणी निळ्याऐवजी जांभळी हवी. साडीचा रंग स्वतंत्र लेयरवर असेल तर हे पंधरा मिनिटांचे काम आहे आणि ते दुसऱ्या फेरीत बसते. मग तिने बाबांचा दुसरा, हसरा फोटो पाठवला. या बदलाला बाबांचे रेखाटन, रेषा आणि रंग मिळून जवळपास तीन तास लागतात. अशा वेळी नकार देऊ नये आणि फुकटही करू नये. तीन तासांचे ९०० रुपये आणि दोन दिवस जास्त, असे सांगून होकार आल्यावरच काम सुरू करावे. बहुतेक ग्राहकांना रक्कम कळली की तो बदल खरेच हवा आहे का हे त्यांचे त्यांनाच ठरवता येते.

माझ्याकडून झालेली चूक फेरीत मोजावी का?

अजिबात नाही. फोटोत स्पष्ट दिसणारी गोष्ट चित्रात चुकली असेल, मंगळसूत्राच्या वाट्या राहिल्या असतील किंवा चष्म्याची चौकट वेगळी आली असेल, तर ती फेरीबाहेर, विनामूल्य आणि तातडीने दुरुस्त करावी.

एक चूक मात्र फोटोतूनच येते. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले अनेक सेल्फी आरशातल्यासारखे उलटे साठवले जातात. मग गालावरचा तीळ आणि केसांचा भांग दुसऱ्या बाजूला जातात. ग्राहकाला काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही. नेहमीच्या पद्धतीने नेसलेल्या साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, तो उजव्या खांद्यावर दिसला किंवा टी-शर्टवरील अक्षरे उलटी दिसली, तर रेखाटनापूर्वी विचारून घ्यावे. गुजराती पद्धतीने नेसलेल्या साडीचा पदर उजव्या खांद्यावरूनच पुढे येतो, म्हणून केवळ पदरावरून निर्णय करू नये.

‘चेहरा जुळत नाही’ असे ग्राहक म्हणाला तर काय करावे?

हे सर्वांत अवघड वाक्य आहे, म्हणून त्याला थोडा वेळ द्यावा. प्रथम रेखाटन अर्धपारदर्शक करून फोटोवर ठेवावे आणि डोळ्यांतील अंतर, नाकापासून वरच्या ओठापर्यंतचे अंतर आणि जबड्याची रुंदी तपासावी. चूक बहुधा यांतच सापडते. मापे बरोबर असतील तर रेषा मोजाव्यात. या शैलीत प्रत्येक रेषा ठळक असल्याने फोटोत अस्पष्ट दिसणारी गालावरची घडी चित्रात सुरकुती होते. प्रत्येक दात वेगळा काढला तर हसू कडक दिसते. तीन-चार रेषा पुसून दातांचा एकच पांढरा आकार ठेवला की माणूस पुष्कळदा लगेच ओळखू येतो.

मापे आणि रेषा दोन्ही ठीक असतील तर दोष फोटोत असू शकतो. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. घरच्या माणसांच्या मनात तो चेहरा नसतो. म्हणून सुरुवातीलाच दीड-दोन मीटरवरून, खिडकीच्या उजेडात काढलेला एक फोटो आणि त्याच व्यक्तीचे आणखी दोन फोटो मागावेत. व्यक्ती हयात नसेल आणि एकच जुना, पुसट फोटो असेल, तर जे दिसत नाही ते मी अंदाजाने काढणार आहे असे आधीच सौम्यपणे सांगावे आणि रेखाटनाची एक फेरी आपण होऊन वाढवून द्यावी. दिवंगत वडिलांचे चित्र मागणाऱ्या मुलाला घाई करणे मला योग्य वाटत नाही, आणि तो जास्तीचा वेळ मी अशा कामाच्या दरातच धरतो.

‘रंग थोडा उजळ करा’ या मागणीचे काय करावे?

फोटो अंधारात काढल्यामुळे त्वचा काळवंडलेली दिसत असेल तर ती मागणी रास्त आहे. दिवसाउजेडातला फोटो मागून रंग त्यावरून घ्यावा. माणसाला आहे त्यापेक्षा गोरे करण्याची मागणी असेल तर मी ती करत नाही आणि तसे काम घेतानाच सांगतो. त्वचेचा रंग बदलला की साम्यही जाते. रेखाटनासोबत त्वचेच्या रंगाचा लहान चौकोन पाठवून तो मान्य करून घेतला तर हा प्रश्न शेवटी उभा राहत नाही.

चित्राचा आकार किती ठेवावा?

छपाईचा सर्वांत मोठा आकार आधी विचारून त्याच आकारात चित्र सुरू करावे. प्रोक्रिएट, फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या क्रितामध्ये ब्रशने काढलेले चित्र पिक्सेलचे असते आणि नंतर मोठे केले तर रेषा मऊ पडतात. हातात धरून पाहायच्या छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे १२ × १८ इंचांसाठी ३६०० × ५४०० पिक्सेल आणि ए-फोरसाठी २४८० × ३५०८ पिक्सेल. केवळ फाइलवर ‘३०० डीपीआय’ असे लिहून काही होत नाही. १०८० पिक्सेल रुंदीची फाइल ३०० च्या हिशेबाने ३.६ इंचच छापली जाते. प्रोक्रिएटमध्ये कॅनव्हास मोठा केला की लेयरची संख्या मर्यादित होते, हे लक्षात ठेवून लेयरची आखणी करावी.

आकाराइतकेच प्रमाणही महत्त्वाचे आहे. १२ × १८ चे प्रमाण २:३ आहे. परदेशातल्या मराठी ग्राहकांकडे ८ × १० इंचांची चौकट असते, तिचे प्रमाण ४:५. तेच चित्र त्या चौकटीत बसवायचे तर ५४०० पैकी ९०० पिक्सेल उंची कापावी लागते. डोक्यावर आणि खाली मोकळी जागा ठेवली असेल तर कापणे निभते, अंबाडा वरच्या कडेला टेकला असेल तर निभत नाही. शिवाय चौकटीची आतली कड चारही बाजूंनी काही मिलिमीटर झाकते. त्यामुळे सही आणि तारीख अगदी कडेला टाकू नये.

अंतिम फाइली कोणत्या द्याव्यात?

उदाहरणातल्या मुलीला तीन फाइली पुरतात: छपाईची, इन्स्टाग्रामवर टाकायची आणि ८ × १० च्या चौकटीसाठी कापलेली. फाइलींची नावे अशी ठेवावीत की चार महिन्यांनी तिला उघडून पाहावे लागू नये.

```
aai-baba_print_12x18in.jpg
aai-baba_insta_1080x1350.jpg
aai-baba_print_8x10in.jpg
```

छपाईची फाइल सर्वोच्च दर्जाची जेपीईजी आणि एसआरजीबी रंगव्यवस्थेत द्यावी, कारण फोटो लॅब बहुधा तीच मागतात. डिजिटल प्रेसवर छापायचे असेल तर सीएमवायके शाईत राणी गुलाबी आणि मोरपिशी हे रंग फिके पडतात. पैठणीत नेमके हेच रंग असतात, म्हणून आधी ४ × ६ इंचांची चाचणी छापून पाहावी असे ग्राहकाला सुचवावे. छापील चित्र काळपट आले अशी तक्रार आली तर बहुधा तुमच्या पडद्याचा उजेड फार वाढवलेला असतो. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल कॉफीच्या मगवर किंवा पत्रिकेवर छापण्यासाठी कोणी मागितली तरच द्यावी.

फाइली कशा पाठवाव्यात?

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान केले जाते आणि ग्राहक तेच लॅबला देतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा गूगल ड्राइव्हच्या दुव्याने पाठवावे. नंतर ‘छपाई धूसर आली’ असे कळले तर प्रथम लॅबला दिलेली फाइल किती पिक्सेलची होती ते विचारावे.

ग्राहकाने लेयर असलेली मूळ फाइल मागितली तर?

ती दरात धरू नये. तिच्यातून कोणीही चेहरे बदलून नवे चित्र करू शकतो. द्यायचीच असेल तर चित्राच्या दराइतकी किंवा त्याहून जास्त रक्कम वेगळी सांगावी.

चित्राचा कॉपीराइट कोणाचा असतो?

बहुतेक चित्रकारांना वाटते की तो आपोआप आपलाच असतो. भारतात पैसे देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राबाबत तसे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७(ब) नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्कदार ते काढून घेणारा असतो, अर्थात वेगळा करार नसेल तर. म्हणून हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल तर आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच तसे लिहून ग्राहकाचा होकार घ्यावा. मी तीन वाक्ये लिहितो: कॉपीराइट चित्रकाराचा राहील, ग्राहक चित्र घरी, भेटीसाठी आणि समाजमाध्यमांवर वापरू शकेल, विक्रीच्या वस्तूंवर छापायचे असल्यास वेगळी परवानगी आणि रक्कम लागेल. चित्र तुमच्या नमुन्यांत दाखवण्याची परवानगी वेगळी विचारावी, आणि लहान मुलांच्या चित्रांबाबत पालकांनी नाही म्हटले तर पुन्हा विचारू नये.

फाइली किती काळ जपून ठेवाव्यात?

मी एक वर्ष ठेवतो आणि तसे शेवटच्या निरोपात लिहितो. फोन बदलला की ग्राहकाची प्रत हमखास हरवते. वर्षाच्या आत मागितल्यास त्याच फाइली विनामूल्य पुन्हा पाठवतो. नव्या आकारात हव्या असतील तर अर्ध्या तासाचे १५० रुपये घेतो. ग्राहकाने पाठवलेले मूळ फोटो मात्र, विशेषतः घरगुती आणि मुलांचे, काम संपल्यावर महिन्याभरात काढून टाकतो आणि तेही त्याच निरोपात कळवतो.